लॉस वाढला म्हणून मॉडेल बिघडलं असं नाही

मॉडेल ट्रेन करणाऱ्यांना एक सल्ला मिळतो: «व्हॅलिडेशन लॉस सलग दोन इपॉक आधीच्या नीचांकाच्या वर राहिला की ट्रेनिंग बंद करा. सगळ्यात कमी लॉसचं चेकपॉइंट, म्हणजे तेव्हा सेव्ह केलेलं मॉडेल, ठेवा, बाकी सगळी डिलीट करा. शेवटचं मॉडेल ओव्हरफिट झालेलंच असतं.»

लातूरमध्ये सोयाबीनच्या पानांचे फोटो ओळखणारं मॉडेल मी गेल्या हंगामात तयार केलं. येलो मोझॅक, तांबेरा, लोहाची कमतरता आणि निरोगी, असे चार गट. व्हॅलिडेशनला, म्हणजे ट्रेनिंग चालू असताना तपासणीला, रेणापूर तालुक्यातले 400 फोटो होते, आणि त्या शेतांतला एकही फोटो ट्रेनिंगमध्ये नव्हता. हा सल्ला पाळला असता तर माझं काम आठव्या इपॉकलाच, म्हणजे ट्रेनिंगच्या सगळ्या फोटोंवरून आठवी फेरी होताच, संपलं असतं.

सहाव्या इपॉकला लॉस 0.41 होता, सातव्याला 0.44, आठव्याला 0.43. पण लर्निंग रेट, म्हणजे शिकताना मॉडेल किती मोठं पाऊल टाकतं तो आकडा, 40 इपॉकमध्ये कोसाइनच्या वळणाने शून्यावर यायचा होता आणि आठव्या इपॉकला तो सुरुवातीच्या 90 टक्के होता. पावलं एवढी मोठी असताना लॉस वरखाली होणारच. रेट उतरत गेला तसा लॉसही उतरला आणि चौदाव्या इपॉकला 0.30 वर आला. लर्निंग रेट कायम एकच ठेवला असेल तर थोडी वाट बघून थांबणं ठीक आहे. उतरता रेट असेल तर अर्ध्यावर थांबू नका, कारण फायद्याचा मोठा भाग त्या उतारावरच मिळतो.

आता खरा मुद्दा. चौदानंतर लॉस पुन्हा चढला आणि तिसाव्या इपॉकला 0.38 झाला. त्याच काळात बरोबर ओळखलेले फोटो 362 वरून 371 वर गेले. आधी चुकलेले 12 सुधारले, नवे 3 चुकले. मग लॉस का वाढला?

लॉस नुसती चूक मोजत नाही, चुकताना मॉडेलला किती खात्री होती तेही मोजतो. बरोबर उत्तराला मॉडेलने 0.3 शक्यता दिली असेल तर त्या फोटोचा लॉस 1.2 येतो, 0.001 दिली असेल तर 6.9. असे दहा फोटो 1.2 वरून 6.9 वर गेले तर 400 फोटोंच्या सरासरीत एकट्या त्यांच्यामुळे 0.14 ची भर पडते. बाकीचे सुधारले तरी ती भर पूर्ण भरून निघेलच असं नाही.

माझ्या 400 मध्ये असे दहा फोटो निघाले, ते मी एकेक करून उघडले. कोवळी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्यागार. आमच्याकडच्या चुनखडीच्या जमिनीत लोहाच्या कमतरतेने पान असंच दिसतं. आम्ही त्यावर येलो मोझॅकचं लेबल लावलं होतं. कृषी सहायकांना दाखवले तेव्हा दहापैकी सहांची लेबलं चुकलेली निघाली. म्हणजे त्या सहांत मॉडेल बरोबर बोलत होतं आणि लॉस त्यालाच दंड करत होता.

लॉसला किंमत नाही असं मी म्हणत नाही. ‘खात्री 70 टक्क्यांखाली असेल तर माणसाला विचारा’ असं काही तुमच्या ॲपमध्ये असेल, तर फाजील खात्री धोक्याची आहे. तिथे टेंपरेचर स्केलिंग करा. त्यात मॉडेलचे स्कोअर ज्याने भागायचे असा एकच आकडा बसवावा लागतो आणि पहिल्या क्रमांकाचं उत्तर बदलत नाही. लॉस चढतोय आणि बरोबर फोटोही कमी होताहेत, असं सलग दिसलं तर मात्र खुशाल थांबा.

बाकीची चेकपॉइंट डिलीट करायचं म्हणाल तर सतराव्या इपॉकला आमच्याकडे लाईट गेली. तेव्हा मी फक्त वेट्स सेव्ह करत होतो. पुन्हा सुरू केलं तर ॲडम या ऑप्टिमायझरची साठवलेली सरासरी गेलेली, लर्निंग रेट पुन्हा वरून सुरू, आणि लॉसने एकदम उडी मारली. दोन दिवस वाया गेले. तेव्हापासून असं करतो:

```python
torch.save({"epoch": epoch,
            "model": model.state_dict(),
            "optimizer": optimizer.state_dict(),
            "scheduler": scheduler.state_dict()},
           "last.pt.tmp")
os.replace("last.pt.tmp", "last.pt")
```

आधी तात्पुरत्या नावाने लिहायचं, पूर्ण झालं की नाव बदलायचं. लिहिता लिहिता लाईट गेली तरी जुनी फाइल शाबूत राहते. ॲडममुळे ही फाइल नुसत्या वेट्सच्या साधारण तिप्पट होते, पण अशी एकच ठेवायची. निवडीसाठीच्या चेकपॉइंटना वेट्स पुरतात.

शेवटी कोणतं ठेवलं? रेणापूरवर तिसाव्याचे 371 बरोबर, चाळिसाव्याचे 369. एवढ्या 400 फोटोंत दोनाचा फरक म्हणजे नशीब. चाळीस वेळा मोजून सगळ्यात चांगला आकडा उचलला की त्यात थोडं नशीब येतंच. म्हणून चाळिसावं ठरवलं आणि त्यानंतरच निलंगा तालुक्यातले 300 फोटो उघडले, जे तोवर कुठेच वापरले नव्हते. चौदाव्याला 257 बरोबर आले, चाळिसाव्याला 266.