नुकसान शून्य असले तरी दावा शून्य होत नाही

«कोर्टात पैशाचं नुकसान सिद्ध करता आलं नाही तर केस फेटाळली जाते. फार तर एक रुपया मिळतो, म्हणजे हरल्यातच जमा. डिक्लरेशनच्या, म्हणजे हक्क कोणाचा हे सांगणाऱ्या घोषणेच्या, नुसत्या कागदाने कुणी थांबत नाही. शेजारी तुमच्या पडीक जमिनीतून ट्रॅक्टर नेत असेल आणि पिकाचं काही बिघडत नसेल, तर त्याला तोंडी समज द्या आणि विसरा.»

असा सल्ला अनेकदा ऐकू येतो. त्यातील पहिले वाक्य काही दाव्यांना लागू पडते, पण ज्या उदाहरणासाठी ते वापरले आहे त्याला मुळीच लागू पडत नाही. निष्काळजीपणाबद्दलचा दावा नुकसानीशिवाय उभाच राहत नाही, कारण तेथे नुकसान हा त्या चुकीचाच एक घटक आहे. दुसऱ्याच्या जमिनीत परवानगीशिवाय शिरणे, म्हणजे अतिक्रमण, हे मात्र शिरल्याक्षणी पूर्ण होते. १७०३ साली इंग्लंडमध्ये मॅथ्यू अ‍ॅशबी या मतदाराचा दावा न्यायालयापुढे आला; त्याचे मत घेण्यास अधिकाऱ्याने नकार दिला होता. त्याचा उमेदवार तरीही निवडून आल्यामुळे त्याचे काहीच बिघडले नाही, असे म्हणता आले असते. पण न्यायमूर्ती होल्ट यांनी अल्पमतात राहून सांगितले की हक्काला लागलेला धक्का हीच हानी आहे, मग त्यापायी एक दमडीही खर्च झालेली नसो. पुढे उमरावांच्या सभागृहाने अ‍ॅशबीच्याच बाजूने निकाल दिला. नाममात्र नुकसानभरपाईची कल्पना याच विचारावर उभी आहे, आणि आपल्याकडची न्यायालयेही अतिक्रमणाच्या दाव्यांत तिचाच आधार घेतात.

एक फरक मात्र नीट लक्षात ठेवावा लागतो, कारण येथे वकिलांचीही गफलत होते. तुमच्या जमिनीत दुसरा शिरला तर नुकसान दाखवण्याची गरज नाही; पण दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्याचा तुमचा वहिवाटीचा हक्क त्याने अडवला आणि तुम्ही भरपाई मागितली, तर भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ३३ प्रमाणे भरीव नुकसान दाखवावे लागते. तरीही त्याच कलमाच्या पहिल्या स्पष्टीकरणानुसार, हक्काच्या पुराव्याला बाधा आणून वादीची हानी करू शकेल अशी कृती हीच भरीव हानी मानली जाते. पैशाच्या हिशेबापलीकडे पाहण्याची तरतूद कायद्याने तेथेही ठेवली आहे.

एक रुपया हे बक्षीस नाही आणि टोमणाही नाही. निकालपत्रातील «प्रतिवादीने अतिक्रमण केले» या निष्कर्षाला टांगलेला तो आकडा आहे. तो निष्कर्ष दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ११ मुळे त्याच पक्षांमध्ये पुन्हा उकरता येत नाही. शिवाय पैशाचे नुकसान नाही म्हणजे नेहमी एकच रुपया, असेही नाही. जम्मू-काश्मीरचे आमदार भीमसिंग यांना विधानसभेला जाता येऊ नये म्हणून अडकवून ठेवले, तेव्हा १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने ५०,००० रुपये देवविले. आर्थिक तोटा तेथे मोजलेला नव्हता. स्वातंत्र्यावरच घाला होता. नाममात्र रक्कम येते ती हक्क मोडला गेला, पण त्यापलीकडे त्रास, बदनामी किंवा तोटा यांपैकी काहीही सिद्ध झाले नाही, तेव्हा.

आता ट्रॅक्टरचे उदाहरण पूर्ण मांडून पाहू. समजा, एका शेतकऱ्याच्या गटाच्या कडेला आठ फूट रुंदीची पडीक पट्टी आहे, आणि शेजारी २००६ पासून कुणालाही न विचारता तेथून ट्रॅक्टर नेतो. मालकाने दोनदा बांधावर उभे राहून हटकले आणि मग सोडून दिले. सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम १५ प्रमाणे शांतपणे, उघडपणे, हक्क म्हणून आणि खंड न पडता २० वर्षे वापर झाला, तर शेजाऱ्याला जाण्याचा हक्कच मिळू शकतो. तोंडी समज पुरेल असे येथे वाटते, आणि नेमका येथेच घात होतो. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणानुसार, अडथळ्यामुळे वापर प्रत्यक्ष थांबला आणि ते कळल्यावरही शेजाऱ्याने एक वर्ष निमूटपणे मान्य केले, तरच त्याला कायद्याच्या भाषेत खंड म्हणतात. हटकल्यानंतर दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर पुन्हा गेला असेल, तर खंड पडलेलाच नाही. पिकाचे काही बिघडले नाही म्हणून गप्प बसलेला मालक अशा रीतीने स्वतःच्या जमिनीवर दुसऱ्याचा हक्क तयार होऊ देतो. आपण वापराला परवानगी दिली होती, हे लेखी दाखवता आले तर गोष्ट वेगळी, कारण परवानगीने केलेला वापर «हक्क म्हणून» केलेला ठरत नाही.

मालकाने २०२३ मध्ये नोटीस पाठवली आणि शेजाऱ्याने उत्तरात «ही माझी वहिवाट आहे» असे प्रथमच लिहिले, असे धरू. मुदत अधिनियमाच्या अनुच्छेद ५८ प्रमाणे घोषणेच्या दाव्याची तीन वर्षांची मुदत, दाव्याचा हक्क प्रथम उत्पन्न झाल्यापासून, म्हणजे येथे या नकारापासून सुरू होते. म्हणून ते पत्र पाकिटासह जपून ठेवावे. अतिक्रमणाच्या भरपाईसाठी अनुच्छेद ८७ प्रमाणे त्या त्या अतिक्रमणापासून तीन वर्षे मिळतात. २०२४ मध्ये दाखल झालेल्या दाव्यात तीन मागण्या हव्यात: शेजाऱ्याला या पट्टीतून जाण्याचा हक्क नाही अशी घोषणा, कायमचा मनाई हुकूम आणि नाममात्र भरपाई. असा घोषणेचा दावा आपल्या कायद्याला नवा नाही. १८७७ च्या जुन्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमात कलम ४२ खालचा पहिलाच दाखला शेजारच्या गावकऱ्यांनी जमिनीतून जाण्याचा हक्क सांगितल्याचा होता.

नुसत्या कागदाने कुणी थांबत नाही, हे म्हणणे अर्धे खरे आहे. घोषणेची अंमलबजावणी करता येत नाही; ती फक्त हक्क कोणाचा ते सांगते. म्हणूनच विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ३४ च्या परंतुकाने अट घातली आहे की घोषणेखेरीज आणखी दाद मागणे शक्य असताना वादीने ती मागितली नाही, तर न्यायालय घोषणाही देणार नाही. मनाई हुकूम न मागता केलेले कित्येक दावे याच कारणाने पडतात. वेळीच दावादुरुस्तीचा अर्ज दिला तर चूक सुधारता येते, उशीर झाला तर अवघड जाते. मनाई हुकूम मिळाल्यावर मात्र तो मोडणाऱ्याची मालमत्ता जप्त करता येते किंवा त्याला दिवाणी तुरुंगात पाठवता येते; दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश २१, नियम ३२ त्यासाठीच आहे. घोषणेचे स्वतःचे मोल वेगळ्या ठिकाणी कळते. शेजाऱ्याने उद्या जमीन विकली, तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ३५ प्रमाणे ती त्याच्याकडून हक्क सांगणाऱ्या खरेदीदारावरही बंधनकारक राहते. गावातील तिसऱ्या माणसाने तोच रस्ता मागितला, तर त्याच्यावर मात्र ती बंधनकारक नाही.

खर्चाबद्दलची भीती खरी आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५ प्रमाणे खर्च सामान्यतः जिंकणाऱ्याला मिळतो आणि तसे न केल्यास न्यायाधीशाला कारणे लिहावी लागतात. तरीही मंजूर होणारी रक्कम प्रत्यक्ष खर्चाच्या आसपास क्वचितच जाते. पुरावा नसताना पाच लाखांची भरपाई मागितली, तर न्यायालय शुल्क पाच लाखांवर भरावे लागते आणि शेवटी पदरात एक रुपया पडून उरलेल्या मागणीचा खर्च अंगावर येण्याचा धोका असतो. म्हणून तोटा दाखवता येत नसेल तेव्हा दाव्यातच नाममात्र रक्कम मागावी आणि सारा पुरावा अतिक्रमण केव्हा, कोठून आणि किती वेळा झाले यावर लावावा. मोजणीचा नकाशा, तारखेसह काढलेली छायाचित्रे, नोटीस आणि तिचे उत्तर एवढे असले तर या दाव्याचा कणा तयार होतो.