तीन वर्षांची कोरी वही

माझ्याकडे एक चित्रवही आहे. ३०० जीएसएमचा सुती कागद. पाणी ओतलं तरी सहजासहजी वाकडा होत नाही, असा त्याचा लौकिक. तीन वर्षांत त्यावर थेंबही पडलेला नाही. इतक्या चांगल्या कागदावर वाईट चित्र काढायचं म्हणजे पाप, आणि चांगलं चित्र मला येत नाही. म्हणून मी तयारी करत राहिलो. अर्धवट वाळलेल्या रंगाला ओला कुंचला लागला की फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग उमटतो, हे मला ठाऊक आहे. कागद पूर्ण कोरडा होईपर्यंत थांबायचं, हा उपायही पाठ आहे. रोग एकदाही न होता औषध तोंडपाठ असलेला मी एकटाच असेन.

पाच वर्षांची भाची शेजारी बसून रेघोट्या मारत होती. विचारलं, "हे काय काढतेस?"

"अजून ठरलं नाही, मामा."

मी गप्प. माझं तर पेन्सिल उचलण्याआधीच ठरलेलं असतं, आणि फसलेलंही.

शेवटी चित्रकार मैत्रिणीने एक खेळ सांगितला. पाठकोरा कागद घ्यायचा, साधं बॉलपेन, खोडरबर नाही. समोर आपलाच डावा हात ठेवायचा आणि कागदाकडे अजिबात बघायचं नाही. नजर हाताच्या कडेवरून मुंगीच्या चालीने सरकवायची, पेन तिच्याच वेगाने. उचलायचं नाही. पाच मिनिटं.

पहिल्या मिनिटात मी चोरून पाहिलं. मैत्रिणीला पाठमोरी असतानाही कळलं असावं; नंतर तिने रेषेवर बोट ठेवलं. "इथे बघितलंस." खरंच, तेवढा तुकडा गुळगुळीत होता. बोट जसं असतं असं मला वाटतं, तसं. बाकीची रेष थरथरती, पण नखाच्या कडेला जिथे खाच होती तिथे बरोबर अडखळलेली. चाळीस वर्षं हा हात वापरतोय, ती खाच मी पहिल्यांदाच पाहिली.

गंमत म्हणजे डोक्यातला परीक्षक गांगरला होता. न बघता काढलेल्या चित्राला नापास तरी कसं करणार? अर्थात याने प्रमाण साधत नाही. माझा अंगठा मनगटातून फुटला होता आणि करंगळी कागद सोडून टेबलावर गेली होती. प्रमाणासाठी पुढची पायरी: पेन थांबवूनच कागदाकडे बघायचं, पेन चालू असताना नाही.

भाचीने चित्र बराच वेळ न्याहाळलं. बोटं मोजली. सहा भरली.

"मामा, हे काय आहे?"

"अजून ठरलं नाही."

तिने समजूतदारपणे मान हलवली आणि सहाव्या बोटाला टोपी काढली.