सहा महिन्यांचं भाडं एकदम देणार असाल तर आधी हे वाचा

वारज्यातला आमचा वन बीएचके गेल्या महिन्यात रिकामा झाला. बघायला आलेल्यांत हिंजवडीत नोकरी करणारा एक मुलगा होता. फ्लॅट त्याला आवडला. आम्ही २४,००० सांगितले होते. तो म्हणाला, "काकू, सहा महिन्यांचं भाडं एकदम देतो, तुम्ही २२,००० करा." जॉइनिंग बोनस मिळाला होता, पैसे हातात होते. आणि कुणीतरी त्याला सांगितलं होतं की पुण्यात रोख समोर ठेवली की मालक लगेच पाघळतो.

मी नाही म्हटलं. पण पोराला नुसतं परत पाठवणं मला जमेना, म्हणून कागद घेऊन बसवलं.

आगाऊ भाडं देणं म्हणजे मालकाला उसने पैसे देणं, मग त्याचं व्याज किती होतं ते बघायला हवं. पहिल्या महिन्याचं भाडं तर असंही आजच द्यायचं असतं, ते बाजूला काढू. उरली पाच महिन्यांची भाडी, म्हणजे १,२०,००० रुपये. ही रक्कम एरवी एकेक महिन्याने गेली असती. दुसऱ्या महिन्याचं भाडं एक महिना आधी जातंय, सहाव्याचं पाच महिने आधी. सरासरी तीन महिने. एफडीचा दर सात टक्के धरला तर १,२०,००० वर तीन महिन्यांचं व्याज होतं २,१००. सहा महिन्यांत वाटलं तर महिन्याला ३५०. हिशेबाने योग्य सवलत एवढीच, साडेतीनशे रुपये.

तो मागत होता दोन हजार, म्हणजे सहा महिन्यांत १२,०००. मालकाच्या बाजूने बघितलं तर हे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वरच्या दराने कर्ज काढल्यासारखं झालं. माझ्यासारखी बाई, जिला त्या पैशांची घाई नाही, ती हे का करेल?

"मग लोक देतात कसे?" त्याने विचारलं. देतात. ज्यांना आज पैसे हवेच असतात ते देतात. आणि मला भीती त्याचीच वाटते. तुमचा प्रस्ताव ऐकून मालकाने घासाघीस न करता दोन हजार सोडले, तर खूश होऊ नका. त्याचे हप्ते थकलेत का, तो फ्लॅट विकायच्या बेतात आहे का, ते आधी शोधा. सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटून फ्लॅटचा मेंटेनन्स किती महिने थकलाय आणि कुठल्या बँकेचा बोजा नोंदलाय का एवढं विचारायचं. दारात भेटले तरी बरेच सेक्रेटरी सांगतात. महावितरणचं ताजं बिल मागायचं, त्यात मागची थकबाकी छापलेली असते.

मी हे पुस्तकात वाचून सांगत नाही. २०१६ मध्ये आम्ही धनकवडीत भाड्याने राहत होतो. भाडं १२,००० होतं. आम्ही सहा महिन्यांचं एकदम देऊन ११,००० करून घेतलं, ६६,००० मोजले. करार नुसता नोटरी केलेला. तिसऱ्या महिन्यात घरमालकांनी घर विकलं आणि घेणाऱ्याला स्वतः राहायचं होतं. आम्ही महिनाअखेर बाहेर. डिपॉझिट मिळालं, पण उरलेल्या तीन महिन्यांच्या ३३,००० बद्दल फक्त "देतो, देतो". पाच महिने फोन करून तुकड्यातुकड्यांनी ते वसूल झाले. मुलाच्या शाळेची फी भरायच्या दिवसांत मी दुसऱ्याच्या दारात स्वतःचे पैसे मागत उभी होते, ते मी विसरलेले नाही.

तेव्हा कळलं नव्हतं ते नंतर कळलं. आपण पुण्यात जो अकरा महिन्यांचा करार करतो तो 'लीव्ह अँड लायसन्स' असतो, म्हणजे राहायची नुसती परवानगी, भाडेपट्टा नव्हे. १८८२ च्या ईझमेंट्स कायद्याचं कलम ५९ सांगतं की जागा विकली तर नवा मालक त्या लायसन्सला बांधील नसतो. कलम ६४ प्रमाणे, पैसे भरलेले असताना आणि तुमची काही चूक नसताना मुदतीआधी बाहेर काढलं तर भरपाई मागता येते, पण ती ज्याने लायसन्स दिलं त्याच्याकडून. म्हणजे घर नव्या माणसाकडे जातं आणि तुमचे पैसे जुन्याकडे अडकतात. दर महिन्याला भाडं देणाऱ्याचं अशा वेळी डिपॉझिट अडकतं. तुमचं डिपॉझिटही आणि भाडंही.

तरी द्यायचंच असेल तर करार नोंदणीकृतच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे ती नोंदणी करून घेणं मालकाची जबाबदारी आहे. करार करून देणारा एजंट आगाऊ रक्कम सरळ डिपॉझिटच्या रकान्यात टाकतो, ते होऊ देऊ नका. डिपॉझिट शेवटी परत मिळायचं असतं, आगाऊ भाडं महिन्यामहिन्याने वळतं होतं. दोन्ही एकत्र झाले की भांडणाच्या वेळी कुठले पैसे उरले हेच ठरत नाही. पैसे बँकेतूनच द्या. आणि कमी केलेला दर सहा महिन्यांपुरता आहे की पूर्ण अकरा महिन्यांचा, ते लिहून घ्या. आमच्या या मुलाने तो विचारच केला नव्हता. तो अकरा धरून चालला होता, मी ऐकताना सहाच समजले होते.

आता, मला मालकीण म्हणून खरंच काय हवं होतं? आधीचा भाडेकरू पाचव्या महिन्यात गेला आणि फ्लॅट महिनाभराहून जास्त रिकामा राहिला. २४,००० तिथेच गेले, वर मेंटेनन्स आमच्या खिशातून. सहा महिन्यांचे पैसे आधी मिळाले तरी सातव्या महिन्यात तो निघून जाऊ शकतोच. मला रोख नको होती, माणूस टिकायला हवा होता.

म्हणून मी त्याला म्हटलं, आगाऊ काही देऊ नकोस, नऊ महिने सोडून जायचं नाही असा लॉक-इन घाल, मी २३,००० करते, पूर्ण अकरा महिने. त्याची अकरा महिन्यांत ११,००० ची बचत, म्हणजे मी धरलेल्या सहा महिन्यांच्या १२,००० पेक्षा एकच हजार कमी, आणि बोनसचे पैसे त्याच्याच खात्यात. मला एक रिकामा महिना टळला तरी हे परवडतं.

तो बिचकला. "कंपनीने बेंगळुरूला पाठवलं तर?" रास्त प्रश्न होता. लॉक-इनमध्ये उरलेल्या सगळ्या महिन्यांचं भाडं मागणारे मालक मी पाहिलेत, मला ते पटत नाही. आम्ही लिहिलं की मधेच जायचं झालं तर एक महिन्याची नोटीस आणि वर एका महिन्याचं भाडं, त्यापुढे काही नाही. आणि लॉक-इन दोघांनाही लागू. मी त्याला काढलं किंवा घर विकल्यामुळे त्याला जावं लागलं, तर डिपॉझिट पूर्ण आणि वर एका महिन्याचं भाडं मी द्यायचं, चावी हातात घेतानाच. हे शेवटचं वाक्य त्याने मागितलं नव्हतं. मीच घालायला लावलं. एजंट म्हणाला, "मॅडम, असं कोणी मालक लिहून देत नाही."