पोह्यांच्या बश्या आणि राजमाचीची वाट

आज भाचीच्या पाहण्याच्या कार्यक्रमाला गेले होते. मुलगा-मुलगी समोरासमोर, मध्ये पोह्यांच्या बश्या, आणि आम्ही मोठी माणसं दोघांच्या तोंडाकडे बघत बसलेलो. "बोला की, लाजता काय!" अरे, काय बोलतील? दोघंही गुणी, पण छंदांची चौकशी झाल्यावर गाडी पुढे सरकेना. वर निघताना एका काकूंनी ऐकवलं, "हल्लीच्या मुली ट्रेकला नवरे शोधायला जातात म्हणे." तेव्हापासून डोकं तापलंय.

हो काकू, मला माझा नवरा ट्रेकलाच भेटला. शोधायला नव्हते गेले, किल्ला बघायला गेले होते. तिथे कुणी कुणाला पारखायला आलेलं नसतं, म्हणून तर माणसं मोकळी होतात!

लोणावळ्याहून राजमाची, रात्रीची चाल. किल्ल्याच्या पायथ्याच्या उधेवाडीपर्यंत साधारण 15 किलोमीटर, चढ फारसा नाही, दोघं शेजारी चालतील इतकी रुंद वाट. दम लागत नाही म्हणून बोलता येतं. नजर बॅटरीच्या उजेडात पायाखाली, त्यामुळे कुणी आपल्याकडे बघतंय असं वाटत नाही. गप्प झालं तरी अवघडल्यासारखं होत नाही, पाय चालू असतात ना. विषयही वाटच पुरवते. "इथे चिखल आहे, डावीकडून या," इथून सुरुवात होते.

आमची सुरुवात माझ्या बुटाने झाली. बरेच दिवस पडून असलेला बूट, तळवा निम्म्या वाटेत सुटला. बूट पडून राहिले की डिंक सुटतो, हे तेव्हा कुठे माहीत होतं! याने सॅकमधून सुतळी काढली, तळव्याखालून घेऊन घोट्यामागे आवळली आणि गाठ बाजूला मारली, पायाखाली टोचू नये म्हणून. सुतळी झिजून सैल व्हायची, आम्ही थांबायचो, तो परत बांधायचा. दर थांब्याला थोड्या गप्पा वाढायच्या.

हरिहरच्या कातळपायऱ्यांवर हे जमलं नसतं. तिथे एकामागे एक, हात खोबणीत, जीव मुठीत. गप्पांना सपाट, लांबलचक वाटच हवी.

मान्य, ट्रेकला येणारे सगळेच सज्जन नसतात. मुलींच्या मागेमागे करणारेही येतात, आणि चांगला लीड त्यांना लगेच समज देतो. गर्दीच्या बॅचमधून एकदाच गेलात तर सोमवारी नावंही आठवत नाहीत, हेही खरं. नेहमीचा ग्रुप हवा, तीच तोंडं परत परत दिसायला हवीत.

आता लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. सुतळीने मी हरखले, खोटं कशाला बोलू. पण मन बसलं ते दुसऱ्या दिवशी राजमाचीचा श्रीवर्धन बालेकिल्ला चढताना. एक वयस्कर काका मागे पडले होते. बाकीचे बुरुजावर पोचून फोटो काढत होते आणि हा काकांच्या चालीने, त्यांची सॅक स्वतःच्या पोटावर अडकवून, सावकाश येत होता. कपाळावर एक आठी नाही. दमलेला, भुकेला माणूस दुसऱ्याशी कसा वागतो ते मला तिथे फुकटात बघायला मिळालं. लग्नाचा विषय निघाला तो पुढे कितीतरी ट्रेकनंतर, आणि तोही त्यानेच नाही, मी काढला.