तासाभराने काय ते बोलू

भाच्याला नाशकात पहिली नोकरी लागली आणि त्याने जाहीर केलं, "मामा, माले एक भारी सेंट लेनं शे." महिना मे, गाव जळगाव, पारा चव्वेचाळीसला टेकलेला. अशा दिवसांत इकडे माणूस वास घ्यायला नव्हे, वास घालवायला धडपडतो. पण बहिणीने मला शहाणा समजून सोबत धाडलं.

दुकानातला पोरगा कागदी पट्ट्यांवर फवारे मारत सुटला. दोन-चार पट्ट्यांपर्यंत आम्ही "वा!" म्हणत होतो, पुढे सगळ्या पट्ट्या एकसारख्या लागायला लागल्या. नाक लवकर थकतं. ते ताळ्यावर आणायला पोराने कॉफीच्या बियांची वाटी पुढे केली. त्यापेक्षा स्वतःच्या शर्टाची बाही हुंगावी, असं माझं मत. (माझ्या बाहीला घामाचा वास होता, पण ओळखीचा.) भाच्याला लिंबाच्या वासाचं एक सेंट एवढं आवडलं की तो शंभर मिलीची बाटली बांधायला सांगत होता. मी त्याचा हात धरला आणि दोन-दोन मिलीच्या तीन नमुनाकुप्या घेऊन घरी आलो.

कागदाला ना घाम, ना ऊब, ना तेलकटपणा. सेंट कागदावर जे बोलतं ते लग्न जुळवताना मुलाकडचे बोलतात तसं असतं, खरं घर नंतर कळतं. म्हणून दुसऱ्या दिवशी बिनवासाच्या साबणाने हात धुऊन भाच्याच्या एका कोपराच्या आत लिंबूवालं, दुसऱ्या कोपरात व्हॅनिलावालं आणि डाव्या मनगटावर तळाला, म्हणजे शेवटी उरणाऱ्या वासात, वाळा असलेलं, असं एकेक फवारून पेनाने नंबर टाकले. लगेच त्याने मनगटं एकमेकांवर चोळली. चोळल्याने कातडी तापते आणि वरचा हलका वास आणखी लवकर उडतो, शिवाय आता उजवं मनगटही कामातून गेलं होतं.

लिंबू, संत्र्याच्या जातीचे वास सगळ्यात हलके. आमच्या उन्हात ते पाव तासात पसार झाले. "मामा, हाऊ तं संपना!" भाचा रडवेला झाला. शंभर मिलीचे पैसे वाचले म्हणून मी मनातल्या मनात पेढे वाटले.

व्हॅनिलाचं उलट. सुरुवातीला गोड, सोज्वळ. अर्ध्या तासाने भाच्याच्या तेलकट, तापलेल्या कातडीवर ते असं फुललं की स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं, "बासुंदी उतू गेली का कुठे?" तेच मी माझ्या हाताला लावलं होतं. माझी कातडी कोरडी, तिथे तासाभराने त्याचा मागमूस नव्हता. कोरड्या कातडीवरून वास लवकर उडतो, तेलकट कातडी तो धरून ठेवते. लोक 'स्किन केमिस्ट्री' म्हणतात त्यात मोठा वाटा ऊब, तेल आणि घाम यांचाच. माझ्यासारख्यांनी आधी बिनवासाचं व्हॅसलीन चोळावं. मी चोळलं, तर मे महिन्यात मी नुसताच चमकायला लागलो.

राहिला वाळा. पहिल्या दहा मिनिटांत त्याने नाकाला कडू मोसंबीची साल लावली. भाचा म्हणाला, "फेका हाऊ." मी घड्याळ दाखवलं. मधला वास यायला पंधरा-वीस मिनिटं, तळाचा यायला तासभर तरी लागतो, आणि माणूस दिवसभर वागवतो तो तळाचाच. मधल्या वेळात आत शेवभाजीला लसणाची फोडणी पडली आणि परीक्षा गच्चीत हलवावी लागली. तिथे पापड राखणाऱ्या आजीने नातवाचं मनगट हुंगलं आणि म्हणाली, "तुना आंगले कूलरना वास येई राहिना."

खरंच, अगदी तोच. पाणी टाकल्यावर कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांतून येतो तो, मातकट, गार, किंचित धुरकट. नाशिकच्या ऑफिसात जाणाऱ्या पोराच्या अंगाला आपल्या बैठकीचा वास! भाचा खट्टू झाला. तरी दर दहा मिनिटांनी मनगट नाकाशी नेत होता. संध्याकाळी म्हणाला, वास गेला. आम्हाला मात्र दारातूनच येत होता. स्वतःचा वास स्वतःच्या नाकाला लवकर कळेनासा होतो, आणि तळाला असणाऱ्या मस्क म्हणजे कस्तुरीच्या जातीच्या वासांपैकी काही तर काही लोकांच्या नाकाला कळतच नाहीत. म्हणून "गेला" असं वाटलं की आधी दुसऱ्याला विचारायचं. भाचा न विचारता परत फवारतो, आणि एसटीत शेजारचा खिडकी मागून घेतो.

शेवटी वाळाच ठरला, तोही तीस मिलीचा. दुकानदाराने शंभरच्या बाटलीवर सूट सांगितली. एका फवाऱ्यात साधारण दशांश एक मिली जातं. दिवसाला दोन फवारे धरले तर तीस मिली पाच महिने पुरतं, आणि तोवर हिवाळा येतो. थंडीत हाच वाळा अंगाला चिकटून बसेल, फारसा पसरणार नाही, तेव्हा पोराला बहुतेक व्हॅनिलाच हवं होईल. उरलेली व्हॅनिलाची कुपी त्यासाठी मी कपाटात ठेवली. बायको म्हणते, ती बासुंदीत घाला.