भाकरीच्या तव्यातून लोह का मिळत नाही, आणि आमटीच्या कढईतून का मिळतं

वाचकाची प्रतिक्रिया: "तुमचा लेख वाचून बिडाचा तवा घेतला. गेलं वर्षभर रोज त्यावरच भाकरी होतेय. मिसेसचं हिमोग्लोबिन तेव्हाही ९ होतं, आजही ९ आहे. लोखंड हा धातू आहे, तो पोटात पचत नाही, एवढं साधं शास्त्र तुम्हाला माहीत नाही का? आणि स्टीलमध्येही लोखंडच असतं, मग त्यातून का नाही मिळत? घरी तीन वर्षांची मुलगी आहे, तिच्यासाठीही कढई घ्या म्हणताय. लोकांना असल्या नादी लावू नका."

नमस्कार दादा,

तुमच्या घरी जे घडलं ते अगदी अपेक्षित आहे. त्यावरून बिडाचं भांडं निरुपयोगी ठरतं असं मात्र नाही.

भाकरी कशी होते ते पाहू. थापलेली भाकरी तव्यावर पडते, वरच्या बाजूला पाणी फिरवतो, पाणी सुकलं की उलटतो, आणि शेवटी ती थेट जाळावर फुगते. तव्याशी तिचा संबंध दोन-तीन मिनिटांचा. त्यातही पीठ आंबट नाही, आणि तव्याला टेकलेला भाग लगेच कोरडा होतो. लोह सुटायला तीन गोष्टी लागतात: ओलावा, आंबटपणा आणि वेळ. भाकरीत तिन्ही कमी पडतात. १९८६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वीस पदार्थ लोखंडी भांड्यात शिजवून आधीचं आणि नंतरचं लोह मोजलं होतं. आपल्या भाकरीच्या जवळचा त्यातला पदार्थ म्हणजे मक्याचा ब्रेड. १०० ग्रॅममध्ये ०.६७ मिलिग्रॅम होतं, ते ०.८६ झालं, म्हणजे वाढ जवळपास नाहीच. त्याच अभ्यासात टोमॅटोचा सॉस ०.६१ वरून ५.७७ वर गेला. दोन्हीकडे भांडं लोखंडीच होतं, पण वाढ एकीकडे नऊपट आणि दुसरीकडे नाममात्र. त्यामुळे "लोखंडी भांड्यात लोह मिळतं का" यापेक्षा "त्यात काय शिजवता" हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

धातू पचत नाही, हे तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. तव्यावरून सुटलेला गंज किंवा काळी खपली पोटात गेली तर तिचा उपयोग फार कमी. पण टोमॅटो किंवा चिंचेतलं आम्ल भांड्याच्या पृष्ठभागावरचं लोह विरघळवतं, आणि ते रश्शात क्षारासारखं मिसळतं. तिथे ते धातूचा कण राहिलेलं नसतं. पालेभाजी, कडधान्यातल्या लोहासारखंच ते आतड्यातून शोषलं जातं, आणि त्या लोहाला जे अडथळे असतात ते यालाही असतात.

स्टीलबद्दलचा प्रश्न चांगला आहे. आपल्या घरातल्या स्टीलमध्ये साधारण सत्तर टक्के लोखंडच असतं. पण त्यात १८ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असतं, आणि त्याचा डोळ्यांना न दिसणारा पातळ थर भांड्यावर सतत तयार होत राहतो. स्टील गंजत नाही ते त्यामुळेच, आणि आतलं लोह फारसं बाहेर पडत नाही तेही त्यामुळेच. नॉनस्टिकमध्ये अन्न लेपाला लागतं, आणि लेपाखाली बहुतेक वेळा ॲल्युमिनियम असतं, त्यामुळे तिथून लोहाचा प्रश्नच येत नाही. बाजारात रंगीत, काचेसारखा लेप चढवलेली बिडाची महागडी भांडी मिळतात. ती जड असतात, सुंदर असतात, पण लेप शाबूत असेपर्यंत लोहासाठी ती नॉनस्टिकसारखीच. आपलं कोल्हापूर म्हणजे फौंड्रीचं गाव. उद्यमनगर-शिरोलीत काम केलेला माणूस घरोघरी सापडतो. बीड आणि स्टीलमधला फरक तुम्ही अशा कुणाला विचारलात तर तो माझ्यापेक्षा नेमकं सांगेल.

आता वहिनींच्या ९ हिमोग्लोबिनकडे येते, कारण मला खरी काळजी त्याची वाटते.

हिशेब करून बघू. वजन ५० किलो धरलं तर अंगात साधारण सव्वातीन लिटर रक्त. हिमोग्लोबिन ९ वरून १२ वर न्यायचं, म्हणजे दर लिटरमागे ३० ग्रॅम हिमोग्लोबिन जास्त हवं. एकूण सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव ग्रॅम. एका ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये ३.४ मिलिग्रॅम लोह असतं, म्हणून रक्तात सुमारे ३३० मिलिग्रॅम लोह नव्याने पोचायला हवं. शरीराचा रिकामा झालेला साठा भरायचा तो वेगळाच.

कढईतून किती येईल? अभ्यासातला टोमॅटो सॉसचा आकडा घरी मिळेल असं मी धरणार नाही. वापरून तुकतुकीत झालेली, तेल मुरलेली कढई नव्या कढईपेक्षा कमी लोह सोडते, आणि आपली आमटी सॉसइतकी दाट किंवा आंबट नसते. म्हणून १०० ग्रॅममागे २ मिलिग्रॅम वाढ धरू. दीडशे ग्रॅमच्या वाटीत ३ मिलिग्रॅम झालं. त्यातलं सगळं अंगाला लागत नाही. आपल्या ज्वारी-डाळीच्या जेवणात पाच ते दहा टक्के शोषलं जातं असं धरलं, तर रोजचं ०.१५ ते ०.३ मिलिग्रॅम. अंगात लोह कमी असलं की शरीर थोडं जास्त शोषतं, म्हणून ०.३ च धरू. ३३० भागिले ०.३ म्हणजे अकराशे दिवस, तीन वर्षं, आणि तेही रोज न चुकता. पाळीतून जाणाऱ्या रक्ताबरोबर जे लोह जातं ते रोजच्या जेवणातून भरून निघतंय असं मानलं तरच. पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर कढईने आणलेलं दर महिन्याला तिथेच संपेल.

त्यामुळे एवढ्या कमतरतेवर कढई हा उपचार नाही. उपचार म्हणजे डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळी. सरकारी कार्यक्रमात गरोदर बाईला देतात त्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. त्यातलं दहा टक्के जरी शोषलं गेलं तरी रोजचे सहा मिलिग्रॅम. कढईतून येणाऱ्या लोहाच्या वीसपट. जे कढईला तीन वर्षांत जमेल ते गोळीला दोनेक महिन्यांत जमतं. वहिनींना वर्षभर भाकरीच्या तव्यावर विसंबून ठेवू नका, हे मी तळमळीने सांगतेय. एक वर्ष आधीच गेलं आहे.

गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांना फेरिटिन तपासायचं का ते विचारा. हिमोग्लोबिन कमी असण्याचं कारण प्रत्येक वेळी लोहच असतं असं नाही. बी-१२ कमी असू शकतं, थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचा वाहकपणा असू शकतो. फेरिटिन अंगातला लोहाचा साठा दाखवतं, आणि मोठ्या बाईत ते १५ च्या खाली गेलं की साठा संपला असं समजतात. फक्त ताप किंवा जंतुसंसर्ग चालू असताना तपासलं तर ते फसवं वाढलेलं दिसतं. अंग ठणठणीत असताना रक्त द्या.

मग कढई कशासाठी, असं तुम्ही विचाराल. याचं उत्तर तुमच्या मुलीच्या बाबतीत जास्त स्पष्ट दिसतं.

१९९९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात इथिओपियाचा एक अभ्यास आला होता. दोन ते पाच वर्षांच्या मुलांच्या घरी, काही घरांना लोखंडी आणि काहींना ॲल्युमिनियमची भांडी देऊन वर्षभराने रक्त तपासलं. लोखंडी भांड्यांच्या घरांतल्या मुलांचं हिमोग्लोबिन १.७ ने वाढलं, ॲल्युमिनियमच्या घरांत ०.४ ने. फरक १.३ चा. मघाचाच हिशेब बारा किलोच्या पोराला लावून बघा. त्याच्या अंगात लिटरभरही रक्त नसतं, म्हणून १.३ वाढायला साधारण ४० मिलिग्रॅम लोह पुरतं. ते वर्षात विभागलं तर रोजचं ०.११ मिलिग्रॅम. कढईला हे जमण्यासारखं आहे. तेच लोह मोठ्या बाईत दिसून येत नाही, लहान पोरात वर्षभरात दिसतं, कारण अंग लहान आहे. २०१३ साली आपल्याच देशात रक्तक्षय असलेल्या मुलांना लोखंडी भांड्यात केलेला खाऊ चार महिने देऊन पाहिलं. नॉनस्टिकच्या तुलनेत खाऊतलं लोह जेमतेम सोळा टक्क्यांनी वाढलं होतं, तरी हिमोग्लोबिन ७.९ टक्क्यांनी वाढलं.

घरी कसं करायचं ते सांगते. आमटी किंवा टोमॅटोचं सार बिडाच्या कढईत करा. डाळ कुकरमध्ये शिजवून कढईत फोडणी द्या, टोमॅटो आधी टाकून मऊ होईपर्यंत परता, मग डाळ आणि पाणी घालून मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं उकळू द्या. झाली की लगेच स्टीलच्या भांड्यात काढा. कढईत तशीच ठेवली तर लोह आणखी उतरतं, पण रस्सा काळपट होतो आणि जिभेला लोखंडी, तुरट चव लागते. मूल मग तोंड फिरवतं, आणि न खाल्लेल्या आमटीतून काहीच मिळत नाही.

काळ्या रंगावरून आपल्याकडे एक गैरसमज आहे. वांगं किंवा पालक लोखंडी कढईत काळा पडला की लोक खूश होतात, भरपूर लोह उतरलं म्हणून. लोह उतरलेलं असतं हे खरं. पण भाजीतल्या तुरट द्रव्यांनी त्याला धरून ठेवलेलं असतं, काळा रंग त्या जोडीचाच, आणि ते बांधलेलं लोह आतडं नीट घेऊ शकत नाही. म्हणून मी वांग्यापेक्षा टोमॅटो सुचवते. त्यात आम्ल आहे, तुरटपणा कमी आहे, वर क जीवनसत्त्वही थोडंफार उरतं. ताटात लिंबाची फोड द्याच. आणि जेवल्यावर लगेच चहा नको, तासभर तरी जाऊ द्या. चहातली तीच तुरट द्रव्यं आमटीतल्या लोहालाही अडवतात. घरी मटण होत असेल तर मटणाबरोबर भाजी-डाळीतलं लोहही जास्त शोषलं जातं, त्या दिवशी आमटी कढईतली ठेवा.

कढई घेताना आत लेप नसलेली घ्या. वापरल्यावर धुऊन पुसून कोरडी करा आणि तेलाचा हात लावा. गंज आला तर घासून काढून मग वापरा, तो जेवणात मिसळून फायदा होत नाही.

मुलीसाठी सुरू करण्याआधी एक गोष्ट बघा. तुमच्या दोघांच्या घराण्यात कुणाला थॅलेसेमिया आहे का, किंवा कुणाला वरचेवर रक्त चढवावं लागतं का, ते विचारा. अशा आजारात अंगात लोह आधीच साचत असतं, आणि तिथे लोखंडी भांडं वापरू नये. तसं काही असेल, तर तुमची आणि वहिनींची तपासणी झाल्याशिवाय कढई घेऊ नका. नसेल, तर आमटी कढईत करायला हरकत नाही, आणि भाकरी ज्या तव्यावर चांगली होते त्याच तव्यावर होऊ दे.