भागीदारी कराच, आणि शिक्का मित्राकडे द्या

कंपनी काढण्याच्या फंदात तुम्ही मुळीच पडू नये. दरवर्षी लेखापरीक्षण, सभांची इतिवृत्ते, विवरणपत्रे, आणि एवढा खटाटोप करून मिळते काय, तर कंपनी बुडालीच तर भागभांडवलापुरतेच पैसे बुडण्याचे किरकोळ समाधान. (बँकेला वैयक्तिक हमी लिहून दिली, तर तेवढेही उरत नाही, हे खरे.) त्यापेक्षा म्हापशात टाइल्सचे दुकान थाटणाऱ्या बालमित्राच्या पेढीत दोन लाख घाला, नफ्यात दहा टक्के वाटा घ्या आणि निर्धास्त राहा.

सावध स्वभाव असेल तर करारनाम्यात एक कलम अवश्य घाला, की पन्नास हजारांवरची उधारी दोघांच्या सहीशिवाय करू नये. मग तो करारनामा कपाटात नीट कुलूपबंद ठेवा, म्हणजे टाइल्स पुरवणाऱ्या बेळगावच्या व्यापाऱ्याच्या तो दृष्टीस पडणार नाही. मित्र एके दिवशी पेढीच्या नावाने, पेढीच्या शिक्क्यानिशी, वीस लाखांच्या टाइल्स उधारीवर उचलतो, मिळेल त्या भावाला विकतो आणि आलेली रोकड मांडवीतल्या कॅसिनोच्या जहाजावर रिकामी करतो. टाइल्सच्या पेढीने टाइल्स घेणे हा नेहमीचाच व्यवहार असल्याने १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार त्याची सही पेढीला बांधते, आणि तुमचे ते कलम व्यापाऱ्याला ठाऊक नसेल तर ते त्याच्यावर बंधनकारक नसते. मित्राने त्याच शिक्क्यावर पेढीसाठी जमीन घेतली असती तर गोष्ट वेगळी होती, कारण स्थावर मालमत्ता घेण्याचा गर्भित अधिकार कायदा एकट्या भागीदाराला देत नाही. पण मित्र इतका गैरसोयीचा कशाला वागेल?

पेढीचा उरलासुरला माल सहा लाखांना जातो आणि चौदा लाख राहतात. त्यातले दहा टक्के आपले, असा हिशेब मांडण्याची घाई करू नका. नफ्याचा वाटा तुमच्या दोघांतला. व्यापाऱ्यापुढे प्रत्येक भागीदार संपूर्ण रकमेला जबाबदार असतो, त्यामुळे तो चौदाचे चौदा लाख तुमच्या एकट्याकडून मागू शकतो. मित्राचा हिस्सा तुम्ही नंतर मित्राकडून वसूल करावा, अशी कायद्याने उदारपणे मुभा ठेवली आहे. मात्र मित्राच्या नावावर काही शिल्लक असावे लागते. गोव्यात राहते घर विकायला बायकोची सही लागते, पण ते घर धोक्यात घालणारी उधारी करायला भागीदाराला तुमचीही लागत नाही, ही सोय विसरू नका.

कंटाळून बाहेर पडलात तर एखाद्या दुकानदाराला तोंडी सांगून मोकळे व्हा. नोंदणीकृत पेढी असल्यास निबंधकाला सूचना, राजपत्रात आणि स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात जाहिरात, हे सोपस्कार कोण करतो? जाहीर सूचना निघेपर्यंत, तुम्ही अजून भागीदार आहात असे समजून माल देणाऱ्यांची नवी बिलेही तुमच्या पत्त्यावर येऊ शकतात; जुनी तर सूचना देऊनही येतच राहतील.